फुकट परतीचा सल्ला कारागिराला परवडत नाही

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडाने कोल्हापुरीसारखी पायताणं मांडली आणि वाद पेटला. तेव्हापासून कोल्हापूरच्या चप्पल कारागिराला एक सल्ला चहूबाजूंनी मिळतो आहे: मधल्या व्यापाऱ्याला सोडा, स्वतःचं ऑनलाइन दुकान काढा, थेट गिऱ्हाइकाला विका. इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण शिबिरांतून आणि व्याख्यानांतून हा सल्ला पुढे जातो. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा, डिलिव्हरी फुकट द्या, आणि काही न विचारता माल परत घ्या. नाहीतर अनोळखी दुकानातून कोण घेणार, असं विचारलं जातं. माझा विरोध या तीन गोष्टींना आहे. हातानं माल करणाऱ्या छोट्या माणसासाठी त्या विक्री वाढवण्याच्या युक्त्या नाहीत. त्याचं भांडवल महिनोन्महिने रस्त्यावर फिरत ठेवण्याची ती व्यवस्था आहे.

हा सल्ला आला कुठून ते आधी पाहू. फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणली. तेव्हा यूपीआय नव्हतं, ते २०१६ मध्ये आलं. कार्डाचा नंबर संगणकावर टाकायला लोक घाबरत. शिवाय पुस्तकाला माप नसतं, ते पायात बसायचं नसतं, आणि परत आलं तरी तसंच फळीवर जातं. परत आलेल्या मालाचा खर्च सोसायला त्या कंपनीमागे गुंतवणूकदारांचा पैसा उभा होता. त्या परिस्थितीतला तो शहाणा निर्णय होता. तोच निर्णय पंधरा वर्षांनी, मापाचा माल विकणाऱ्या आणि चामडं रोखीनं विकत घेणाऱ्या माणसाच्या गळ्यात बांधणं हा शहाणपणा नाही.

हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, ज्यानं त्यानं आपले घालावेत. पण रचना हीच राहील. एक जोड १८०० रुपयांना विकायचा. चामडं, शिलाई, वेणी, पॉलिश आणि घरच्या माणसांची मजुरी धरून ११५० लागले. म्हणजे कुरियर आणि बाकी खर्चाच्या आधी हातात ६५० उरतात. पैसे दारात घेतले काय आणि आधी घेतले काय, कर सारखाच, म्हणून तो बाजूला ठेवतो. एका पार्सलचं कुरियर १२० रुपये, कॅश गोळा करण्याचे ४५, वेष्टनाचे २५, आणि गिऱ्हाइकाच्या घरून माल परत उचलून आणायचे १५०.

दहा ऑर्डरी आल्या, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या. त्यातल्या तीन दारातूनच परत फिरल्या. कुणी फोन उचलला नाही, कुणाचा विचार बदलला, कुणी त्याच रात्री दुसरीकडून मागवलं होतं. कुरियरवाले याला आरटीओ म्हणतात, आणि त्याचं भाडं जाण्याचं वेगळं व येण्याचं वेगळं, दोन्ही पाठवणाऱ्याकडून घेतात. उरलेल्या सातांपैकी दोघांनी माप चुकलं म्हणून जोड परत केला आणि पैसे मागितले. आता बेरीज करा. जाण्याचं भाडं १२००, तीन आरटीओचं ३६०, सात ठिकाणी रोख गोळा करण्याचे ३१५, दोन परतींचे ३०० आणि वेष्टनाचे २५०, मिळून २४२५. खरे विकले गेले पाच जोड, त्यांचे ३२५०. हातात राहिले ८२५ रुपये, म्हणजे जोडामागे १६५. आणि पाच जोड दोन-तीन आठवडे ट्रकमध्ये आणि गोदामांत फिरून परत आले, ते वेगळंच. त्या काळात ते ना दुकानात दिसत होते, ना कुणाच्या पायात होते.

दुसऱ्या बाजूला समजा, पैसे आधी घेतले आणि त्यामुळे ऑर्डरी दहाच्या सहाच झाल्या. सहा जोडांचे ३९००. जाण्याचं भाडं ७२०, वेष्टन १५०. पेमेंट गेटवेचा खर्च साधारण २ टक्के आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जोडामागे सुमारे ४३ रुपये, एकूण २५८. एक जोड मापासाठी बदलून द्यावा लागला, त्याचं जाणं-येणं २७०. एकूण खर्च १३९८. हातात २५०२. ऑर्डरी चारनं कमी आणि पैसे तिप्पट. शिबिरातल्या फळ्यावर फक्त ‘ऑर्डरी’ हा रकाना असतो, म्हणून पहिलं दुकान यशस्वी दिसतं आणि दुसरं पडलेलं.

यावर उत्तर मिळतं की खेड्यातला आणि लहान गावातला माणूस आधी पैसे देतच नाही. ही हरकत खरी आहे, आणि तिला उडवून लावू नये. ज्याला आपण ओळखत नाही त्याला १८०० रुपये पाठवताना हात अडखळणारच. पण त्यासाठी सगळी जोखीम कारागिरानं घ्यायची गरज नाही. २५० रुपये आगाऊ, बाकीचे दारात रोख, अशी सोय बहुतेक दुकानांच्या साधनांत करता येते. आणि नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड पाठवूनही होते. २५० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. तो साधारण जाण्या-येण्याच्या भाड्याइतका आहे. ज्यानं तो भरला त्याला वस्तू खरोखर हवी असते, आणि तरीही त्यानं दार उघडलं नाही तर निदान कुरियरचं बिल कारागिराच्या खिशातून जात नाही. ही अट ऑर्डर देण्याच्या आधी पानावर ठळक लिहायची, नंतर कळवायची नाही. रोख ठेवायचीच असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दारात गोळा झालेले पैसे कुरियर कंपनी त्याच दिवशी देत नाही, अनेकदा आठवडा किंवा त्याहून जास्त काळ ते तिच्याकडे राहतात. चामड्याचा व्यापारी तेवढा थांबत नाही.

आता फुकट डिलिव्हरी. मुळात फुकट काही नसतं, प्रश्न एवढाच की ते भाडं किती आहे हे विकणाऱ्याला कळलं आहे का. बहुतेक कारागिरांना ते पहिलं बिल येईपर्यंत कळत नाही, कारण ते चप्पल वजनकाट्यावर ठेवून हिशेब करतात. कुरियर मात्र दोन वजनं काढतो. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बऱ्याच कंपन्यांत ५००० नं भागायची. या दोनांतलं जे जास्त, ते धरलं जातं, आणि तेही अर्ध्या किलोच्या टप्प्यानं वर चढवून.

पुरुषांच्या कोल्हापुरीचा एक जोड काट्यावर ८०० ग्रॅम भरला असं धरू. तो बुटाच्या देखण्या खोक्यात घातला, ३४ बाय २२ बाय १२. गुणाकार ८९७६, भागिले ५००० म्हणजे जवळपास १.८ किलो. बिल लागतं २ किलोचं. आत काय आहे? निम्मी हवा. कोल्हापुरीला बुटासारखा वरचा भाग नसतो, हा तिचा मोठा फायदा आहे. एक पुढं, एक मागं तोंड करून दोन्ही चपला एकमेकींत बसवल्या, पट्ट्यांखाली कागदाचा बोळा ठेवला, तर तोच जोड ३० बाय १२ बाय १० च्या खोक्यात मावतो. गुणाकार ३६००, म्हणजे ०.७२ किलो. काट्यावरचं ८०० ग्रॅम जास्त, म्हणून बिल १ किलोचं. वर मांडलेला १२० रुपयांचा दर या छोट्या खोक्याचा आहे. मोठ्या खोक्याला २२० लागले आणि परतीच्या उचलीला २६०, असं धरून रोखीच्या दहा ऑर्डरींचा हिशेब पुन्हा केला तर खर्च ३९४५ वर जातो आणि ८२५ चा नफा ६९५ रुपयांच्या तोट्यात बदलतो. माल तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त खोकं बदललं.

खोकं छोटं केल्यावरही कधीकधी वजन वाढवून लावलेलं बिल येतं, कारण गोदामातल्या यंत्रानं फुगलेलं पार्सल मोजलेलं असतं. अशा वेळी तक्रार टिकते ती फोटोवर. पार्सल बंद केल्यावर काट्यावर ठेवून एक आणि तिन्ही बाजूंना मोजायची टेप लावून एक, लेबलवरचा नंबर दिसेल असे फोटो काढून ठेवावेत. तक्रारीला मुदत असते, आणि ती दिवसांची असते, महिन्यांची नाही. म्हणून दर आठवड्याला बिल उघडून पाहणं हे दुकान चालवण्याचंच काम आहे. पावसाळ्यात आणखी एक काळजी: चामडं थेट प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर आत दमट राहून बुरशी धरते. आधी कागद, मग खोकं, आणि प्लास्टिकची पिशवी सगळ्यात बाहेरून.

कुरियर जिथं जात नाही किंवा जास्त मागतो तिथं टपाल खातं आहे. दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयांचं त्याचं जाळं आहे. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल स्पीड पोस्टमध्येच मिळवलं गेलं, त्यामुळे ‘रजिस्टरनं पाठवतो’ असं पानावर लिहिलं असेल तर ते बदलायला हवं.

परतीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथंच शिबिरांतला सल्ला सगळ्यात जास्त चुकतो. परत घेण्याची सोय वाढवा, असं ते सांगतात. चप्पल परत का येते हे मात्र विचारत नाहीत. कोल्हापुरी परत येण्याचं मुख्य कारण माप, आणि मापाची चूक बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची नसते. दुकानाच्या पानावर ६, ७, ८, ९ असे चौकोन असतात. गिऱ्हाईक आपल्या स्पोर्ट्स शूजचा नंबर दाबतो. त्या बुटात मऊ अस्तर असतं, नाडी असते, पाय मागेपुढे सरकायला जागा असते. कोल्हापुरीत अंगठा आणि पायाचा चवडा थेट चामड्याच्या पट्ट्याखाली येतो. नवा जोड सुरुवातीला घट्ट लागतो, लागायलाच हवा, कारण चामडं काही दिवसांत पायाप्रमाणं सैल होतं. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधला दुकानदार हे तोंडानं सांगतो, ‘आठ दिवस घाला, बसंल पायाला.’ ऑनलाइन दुकानात हे सांगणारं कुणी नाही. मग गिऱ्हाईक पहिल्याच मिनिटाला चप्पल काढतो आणि ‘लहान’ असं लिहून परत पाठवतो. मोठा नंबर मागवतो, तो महिन्याभरात सैल पडतो, आणि मग ‘दर्जा चांगला नाही’ असा शेरा येतो. या घटनाक्रमात फुकट परतीनं काय सुधारलं? काहीच नाही.

याचा इलाज नंबराच्या चौकोनाआधी आहे. संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळ्यात लांब बोटासमोर खूण करायची आणि सेंटिमीटरमध्ये मोजायचं. दोन्ही पाय, कारण ते क्वचितच सारखे असतात, आणि मोठा पाय धरायचा. चवड्याच्या सगळ्यात रुंद जागेची रुंदीही घ्यायची. कारागिरानं आपल्या प्रत्येक नंबराच्या तळाची लांबी-रुंदी एकदा मोजून तक्ता करायचा आणि तो पानावर लावायचा. हा तक्ता दुसऱ्याच्या दुकानावरून उतरवून चालत नाही, कारण कागलच्या आणि कापशीच्या कारागिराचा ‘आठ’ एकच असेल असं नाही. रुंद पायाच्या गिऱ्हाइकानं कागदाचा फोटो पाठवावा, असं सांगायचं. जो हातानं चप्पल करतो तो पट्टा थोडा सैल बांधून देऊ शकतो, आणि हे कुठल्याही मोठ्या कंपनीला जमणारं नाही. छोट्या कारागिराचं बळ इथं आहे, आणि फुकट परतीच्या स्पर्धेत उतरून तो ते सोडून देतो.

त्याबरोबर पार्सलमध्ये एक चिठ्ठी: नवी चप्पल घट्ट लागेल, पहिले दिवस घरात सतरंजीवर थोडा वेळ घाला, पाण्यापासून जपा. माप खरंच चुकलं असेल तर सात दिवसांत कळवा, तळ स्वच्छ हवा आणि दोन चपलांना बांधलेला दोरा-चिठ्ठी तशीच हवी. मापासाठी बदली एकदा, एका बाजूचं भाडं गिऱ्हाइकाचं, दुसऱ्या बाजूचं आमचं. तळ पाहिला की रस्त्यावर घातली की नाही ते लगेच कळतं, डांबरी रस्त्याची धूळ चामड्याच्या तळात बसते ती पुसून जात नाही. अट अशी असावी की दोघांनाही डोळ्यांनी तपासता यावी.

इथं कायद्याचं नाव पुढं केलं जातं. परत घेणं सक्तीचं आहे, असं ठोकून सांगितलं जातं. अर्धंच खरं आहे. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी कारण न देता १४ दिवसांत परत करण्याचा हक्क आहे. भारतात तसा सरसकट हक्क नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू आहेत, आणि स्वतःचा माल स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून नियमित विकणारा माणूस त्यांच्या कक्षेत येतो. माल सदोष असेल, पानावर वर्णन केल्यासारखा नसेल, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. दुकानाचं नाव, पत्ता, तक्रार कुणाकडे करायची, परतीच्या अटी हे सगळं पानावर हवं. पेमेंट गेटवेही खातं सुरू करताना परतीच्या आणि डिलिव्हरीच्या अटींची पानं पाहतोच.

या कर्तव्यात कारागिरानं एक पैशाचीही काटछाट करू नये, असं मी आग्रहानं म्हणतो. शिलाई उसवली, वेणी सुटली, दोन चपलांची उंची वेगळी निघाली, तर दोन्ही बाजूंचं भाडं कारागिराचं, आणि गिऱ्हाईक मागेल तर पैसे परत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही म्हणून सदोष जोड नाकारणं चूक आहे. पॅक करताना आपण काढलेला फोटो आपल्याकडे असला की बहुतेक वाद तिथंच मिटतो. पण याच नियमांतून दुकान कसं मांडायचं तेही कळतं. वर्णनासारखा माल नसणं हा परतीचा हक्क असेल, तर फोटो आणि वर्णन हे तुमचं वचन आहे. वनस्पतीच्या साली-फळांनी कमावलेल्या चामड्याचा रंग प्रत्येक कातड्यात थोडा वेगळा येतो. तर तसं लिहा, आणि एकाच प्रकारचे दोन-तीन जोड शेजारी ठेवून फोटो काढा. उशीर हा परतीचा हक्क असेल, तर ‘तीन दिवसांत घरपोच’ हे वाक्य पानावरून काढा. बनवायला ८ ते १० दिवस, पोचायला ४ ते ७, असं लिहा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चामडं वाळायला वेळ लागतो तेव्हा तो आकडा वाढवा. प्रकारही पन्नास नकोत, पाच पुरे. जे पाच तुम्ही दर वेळी सारखे करू शकता ते.

‘तासाभरात दुकान सुरू’ या आश्वासनातही एक खड्डा लपलेला असतो. ज्या वस्तूवर जीएसटी आहे ती दुसऱ्या राज्यात विकायची तर उलाढाल छोटी असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी लागते. आणि कोल्हापुरातून दुसरं राज्य फार लांब नाही. कागल ओलांडून निपाणीला पार्सल गेलं की ते कर्नाटकात गेलं. काही हस्तकला-वस्तूंना सवलत आहे, पण तिच्या अटी आहेत. आपली वस्तू यादीत बसते का हे करसल्लागाराला पहिली ऑर्डर घेण्याआधी विचारावं. कंपोझिशन योजनेत असलेल्याला तर राज्याबाहेर विकता येतच नाही. दुकानाच्या साधनात कोणत्या पिनकोडला माल जातो हे ठरवता येतं. नोंदणी होईपर्यंत ते महाराष्ट्रापुरतं ठेवता येतं.

शेवटची हरकत जरा वेगळी आहे. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, आगाऊ पैसे घ्यायचे, दहा दिवस थांबवायचं. इतका त्रास कोण सहन करेल? ज्याला दोनशे रुपयांची चप्पल उद्या हवी आहे तो करणार नाही, हे मान्य. पण तो या कारागिराचं गिऱ्हाईक नव्हताच. त्याच्यासाठी यंत्रावर कापलेली नकली कोल्हापुरी बाजारात ढिगानं आहे. भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या चपलेला आहे, आणि ती मागवणाऱ्याला ठाऊक असतं की ती कुणीतरी बसून, हातानं, त्याच्या पायासाठी करतो आहे. त्याच्याकडे पायाचं माप मागितलं तर त्याला ते खटकत नाही. उलट पलीकडे खरा माणूस आहे याची खात्री पटते, आणि १८०० रुपये आगाऊ पाठवताना अडखळणारा हात तिथंच मोकळा होतो.

म्हणून शिबिरं घेणाऱ्यांकडे माझी मागणी आहे. दुकानाचं डिझाइन शिकवण्याआधी प्रत्येक कारागिरासमोर वजनकाटा, टेप आणि खोकी ठेवा आणि आकारमानाचं वजन त्याच्याच हातानं काढून घ्या. मग त्याच्या पाच प्रकारांच्या मापांचा तक्ता त्याच दिवशी करवून घ्या. आणि शिबिर संपल्यावर तीन महिन्यांनी परत या. किती ऑर्डरी आल्या हे विचारू नका. किती पार्सलं परत फिरली, कोणत्या कारणानं, आणि त्यांच्या भाड्याचं बिल कुणी भरलं, ते विचारा.